उधारीची वही मोबाईलवर नेताना : साताऱ्याचं एक दुकान, सांगलीचं एक दुकान

‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी ज्या दुकानात ठळक लावलेली असते, त्याच दुकानाच्या गल्ल्याखाली उधारीची सगळ्यात जाड वही असते. आपल्याकडे किराणा दुकान उधारीशिवाय चालत नाही, हे दुकानदारालाही माहीत आहे आणि गिऱ्हाइकालाही. आता ही वही मोबाईलमध्ये चालली आहे. खाताबुक, ओकेक्रेडिट अशी अ‍ॅप येऊन बरीच वर्षं झाली, शिवाय कुणाचा तरी इंजिनीअर भाचा घरच्या दुकानापुरतं साधं अ‍ॅप करून देतो. नोंद करा, मेसेज जातो, बाकी वाढली की सूचना येते. ऐकायला सरळ वाटतं. पण गल्लीतल्या माणसांच्या संबंधांवर त्याचा काय परिणाम होतो, यावर फारसं कुणी लिहिलेलं मला दिसलं नाही. म्हणून लिहिते. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

मी साताऱ्यात एका पतसंस्थेत बावीस वर्षं हिशेबाचं काम केलं. माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं, साताऱ्यात किराणा दुकान आहे. मामेभाऊ अप्पाचं सांगलीत, नदीकडच्या भागात. दोघांनीही वही सोडून अ‍ॅप घेतलं. दोघांना आलेले अनुभव मात्र अगदी वेगळे आहेत.

आधी अप्पाचं सांगते. ऑगस्ट २०१९ चा महापूर सांगलीकरांना सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या आसपास गेलं होतं. अप्पाने तांदळाची पोती माळ्यावर चढवली, वजनकाटा उचलला. उधारीच्या दोन वह्या खालच्या फळीवर राहिल्या. पाणी ओसरल्यावर त्या हातात घेतल्या तर कागदाचा लगदा. शाईची पानं एकमेकांना चिकटलेली, एक नाव लागत नव्हतं. अप्पाच्या अंदाजाने नव्वद हजारांचं येणं त्या लगद्यात होतं.

मग जे झालं ते अप्पा अजून सांगतो. दुकान धुऊन उघडल्यावर आठवडाभरात लोक आपणहून येऊन बाकी सांगू लागले. ‘अप्पा, माझं अकराशे का बाराशे होतं बघा, बाराशे धरा.’ ज्यांच्या घरात गाळ होता तेही आले. काही आले नाहीत. अप्पाने नवी वही केली आणि लोकांच्या तोंडून आलेल्या आकड्यांवर सत्तर हजारांच्या वर बाकी पुन्हा उभी राहिली. जे आले नाहीत त्यांनी बुडवलं असं तो म्हणत नाही, कारण त्यातल्या काही जणांचं घरच राहिलं नव्हतं.

पण वहीची भीती बसली ती बसली. पुढच्या वर्षी अप्पाने एक तयार अ‍ॅप घेतलं. सगळी खाती चढवली, सगळ्यांचे मोबाईल नंबर घातले आणि दर आठवड्याला आपोआप आठवण जाईल असं ठेवून दिलं. तीन महिन्यांत येणं जवळपास निम्म्यावर आलं. अप्पा खूश. मला फोन करून म्हणाला, ‘ताई, ही वही सोता वसुली करतीया बघ.’

त्याच सुमारास दुकानात एक बाई आल्या. रागात नव्हत्या, रडवेल्या होत्या. ‘अप्पा, मेसेज कशाला पाठवलासा? आमच्या मालकांच्या फोनवर गेला की ओ.’ त्या बाई शिलाईकाम करायच्या. मुलीच्या वह्या, खाऊ, कधी दोनशेची साडीची पिन-फॉल असं त्यांचं वेगळं छोटं खातं होतं आणि ते त्या शिलाईच्या पैशातून फेडत होत्या. घरी ते माहीत नव्हतं. वहीत ते खातं त्यांचं होतं. मोबाईलमध्ये आलं तेव्हा ते नवऱ्याच्या नंबरावर गेलं, कारण घरात नंबर तेवढा एकच. त्या दिवशी त्यांनी बाकी पूर्ण दिली आणि पुन्हा त्या दुकानाची पायरी चढल्या नाहीत.

मी सांगलीला गेले तेव्हा अप्पाचं अ‍ॅप उघडून बघितलं. येणं कमी झालेलं दिसत होतं. पण मी दुसरा आकडा मोजला : गेल्या पंधरा दिवसांत ज्या खात्यावर एक तरी नोंद आहे, उधारीची किंवा जमेची, अशी खाती किती? आधी चौसष्ट होती, आता सत्तेचाळीस. सतरा घरं गप्प झाली होती. त्यातल्या अकरा घरांची बाकी शून्य होती. म्हणजे त्यांनी पैसे फेडले आणि दुकान सोडलं. अ‍ॅपमध्ये ते ‘वसुली पूर्ण’ म्हणून हिरव्या रंगात दिसत होतं.

ही पहिली गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. उधारीचं अ‍ॅप येणं दाखवतं, निघून गेलेलं गिऱ्हाईक दाखवत नाही. पतसंस्थेत कर्ज फिटलं की फाईल बंद, तिथे ते बरोबर. किराणा दुकानात खातं शून्यावर येऊन शांत झालं तर काळजी करावी, कारण उधारीवाला माणूस महिन्याचा सगळा बाजार त्याच दुकानात भरतो, रोखीचाही.

आता थोडं मागे जाते. विषयाबाहेर वाटेल, पण नाही.

१८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले. मे महिन्यात सुप्याला सुरुवात झाली. सप्टेंबरात आपल्याकडे कोकरूडला तसंच घडलं. कोकरूड आज सांगली जिल्ह्यात, शिराळा तालुक्यात आहे, तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं. या दंग्यांचं वैशिष्ट्य असं की जमावाचा मुख्य रोख माणसांवर नव्हता, कागदांवर होता. कर्जरोखे, खातेवह्या बाहेर काढून जाळल्या. कारण हिशेबाचा कागद एकाच बाजूच्या घरात होता. कर्ज घेणाऱ्याकडे त्याची प्रत नव्हती, आणि असती तरी वाचता येत नव्हती. किती दिलं, किती फिटलं, व्याज कधी मुद्दलात मिसळलं, हे फक्त वही ठेवणाऱ्याला ठाऊक.

त्यानंतर सरकारने १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जाचा कायदा केला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्यात एक भाग खास हिशेबाचा होता : शेतकऱ्याने पैसे भरले की त्याला लेखी पावती मिळाली पाहिजे, वर्षातून एकदा हिशेबाचा उतारा मिळाला पाहिजे, आणि त्याने मागितलं तर पासबुकात हिशेब लिहून दिला पाहिजे. म्हणजे सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यासाठी लिहिलेल्या कायद्यात हे कबूल केलं होतं की वहीची दुसरी प्रत देणेकऱ्याच्या हातात असणं हा त्याचा हक्क आहे.

किराणा दुकानदार सावकार नाही. तो व्याज घेत नाही, उलट बिनव्याजी माल देऊन स्वतः अडकतो. पण वही एकाच बाजूला असण्याचा प्रश्न तोच आहे. म्हणून दादाने अ‍ॅपचा विषय काढला तेव्हा मी एवढंच म्हटलं की अ‍ॅप आधी गिऱ्हाइकाला त्याच्या खात्याची प्रत देण्यासाठी वापरायचं. वसुलीचं नंतर बघू.

दादाच्या दुकानाची स्थिती अशी होती. रोजची विक्री सरासरी नऊ हजार, त्यातली तीन हजारांची उधारीवर. वहीत एकाहत्तर नावं आणि एकूण येणं एक लाख ऐंशी हजार. एक लाख ऐंशी हजाराला रोजच्या तीन हजारांनी भागलं तर साठ येतात. म्हणजे दादाने आज दिलेला माल साधारण साठ दिवसांनी पैसा होऊन परत येत होता. होलसेलवाला मात्र त्याला सात दिवसांची मुदत देतो. मधले त्रेपन्न दिवस दादा स्वतःच्या खिशातून, आणि वहिनीच्या गहाण ठेवलेल्या पाटल्यांतून, गल्लीचा किराणा भरत होता. उधारी जास्त आहे की कमी, हे रुपयात मोजून कळत नाही. ते असं दिवसांत मोजावं.

वही अ‍ॅपवर नेण्यासाठी आम्ही २०२३ च्या दिवाळी पाडव्याचा मुहूर्त धरला. पाडव्याला वही बदलायची रीत आहेच, त्यामुळे गिऱ्हाइकाला वेगळं काही वाटत नाही. पण त्याआधीचा महिना खाती मिळवण्यात घालवला. वहीतली बाकी उचलून सरळ अ‍ॅपमध्ये घालायची नाही, हा नियम. गिऱ्हाईक दुकानात आलं की त्याचं पान त्याच्यासमोर उघडायचं, बेरीज दोघांनी करायची, आणि पटलेल्या आकड्याखाली त्याची सही आणि तारीख घ्यायची. एकाहत्तरपैकी नऊ खात्यांत फरक निघाला. सहा ठिकाणी दादाने जमा लिहायची राहिली होती, तीन ठिकाणी एकाच आडनावाच्या दोन घरांची नोंद एकमेकांत गेली होती. हे फरक अ‍ॅपमध्ये गेले असते तर यंत्राने सांगितलेला आकडा म्हणून दादा त्यावर अडून बसला असता.

सहीचं कायदेशीर महत्त्वही सांगते. मुदत न ठरवता उधार दिलेल्या मालाचे पैसे कोर्टातून मागायचे तर माल दिल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. त्या तीन वर्षांच्या आत देणेकऱ्याने लेखी सही करून बाकी कबूल केली, तर तिथून पुन्हा तीन वर्षं मोजतात. आणि नुसती वहीतली नोंद, मग ती कागदावर असो की मोबाईलवर, एकटी पुरावा म्हणून पुरत नाही. जुन्या पुरावा कायद्यात हे होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २८ मध्ये इलेक्ट्रॉनिक हिशेबाचा उल्लेख करून तेच ठेवलं आहे. तेव्हा ‘अ‍ॅपमध्ये आहे म्हणजे पक्कं’ असं कुणी समजू नये. दोन-चार हजारांसाठी कोर्टात कुणी जात नाही हे खरं, पण सही करताना माणूस आकडा नीट वाचतो, आणि आम्हाला तेवढंच हवं होतं.

या छाननीत तेरा खाती मेलेली निघाली. वर्षभरात एकही नोंद नाही, मिळून एक्केचाळीस हजार. ती आम्ही अ‍ॅपमध्ये घेतलीच नाहीत, वहीतच राहू दिली. राहिली अठ्ठावन्न खाती आणि एक लाख एकोणचाळीस हजार.

पुतणीने केलेलं अ‍ॅप अगदी साधं आहे. गिऱ्हाइकाचं नाव, नंबर, नोंद, बाकी, मर्यादा आणि आठवणीची तारीख. नोंद झाली की मेसेज जातो : ‘शिंदे वहिनी, आज १४०. एकूण १,२६०.’ बस. काय घेतलं ते मेसेजमध्ये नाही. पुतणीला वस्तूंची यादी घालायची होती, दादाने नको म्हटलं. कुणाच्या खात्यावर तंबाखूची पुडी असते, कुणाच्या खात्यावर सॅनिटरी पॅड असतं, ते घरातल्या फोनवर सगळ्यांनी वाचायचं कारण नाही. यादी दुकानातल्या कच्च्या चिठ्ठीवर असते, चिठ्ठी महिनाभर ठेवतो.

नंबर घेताना विचारायचं : ‘मेसेज कुणाच्या फोनवर पाठवू? पाठवू का नको?’ सांगलीच्या त्या बाईंमुळे हा प्रश्न आला. अठ्ठावन्नपैकी अकरा जणांनी मेसेज नको म्हणून सांगितलं, त्यात नऊ बायका. त्यांना आम्ही दुधाच्या कार्डासारखं छोटं कार्ड दिलं. नोंद झाली की दादा कार्डावर आकडा लिहून देतो. १८७९ च्या कायद्यातलं पासबुक म्हणा हवं तर. अ‍ॅप घेतल्यावर कागद पूर्ण गेला पाहिजे असं काही नाही.

मेसेज लगेच जात असल्यामुळे वाद त्याच दिवशी निघतात. ‘दादा, आज मी दोनशे दिले होते ना?’ संध्याकाळी विचारलं तर दोघांनाही आठवतं, तीन महिन्यांनी विचारलं तर भांडण होतं. चूक निघाली तर जुनी नोंद पुसायची नाही, उलटी नोंद करून फरक काढायचा. पुसायची सोय अ‍ॅपमध्ये ठेवलेलीच नाही. गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये जुना मेसेज असतो, इकडे नोंद गायब झाली तर विश्वास गेला.

आता मर्यादेचं. हा सगळ्यात नाजूक भाग. बऱ्याच दुकानांत सगळ्यांना सरसकट दोन हजार, किंवा दुकानदाराच्या मनात ज्याची जशी पत तशी. आम्ही माणसाची पत मोजायच्या भानगडीत पडलो नाही. घरात पैसा किती दिवसांनी येतो, एवढंच बघितलं. हिशेब असा : रोजची सरासरी उधारी, गुणिले दोन पैशांमधले दिवस, त्यात उशिराचे थोडे दिवस धरायचे.

तीन घरं घ्या. पहिलं दोन म्हशींचं. आपल्याकडे दुधाचं बिल बहुतेक संस्था दहा दिवसांनी करतात. रोजची उधारी दीडशे, दहा दिवस अधिक उशिराचे पाच, म्हणजे पंधरा गुणिले दीडशे, मर्यादा दोन हजार अडीचशे. दुसरं एमआयडीसीत कामाला जाणाऱ्याचं. रोजची उधारी एकशे दहा, पगार महिन्याने आणि तोही दहा दिवस मागेपुढे, म्हणून चाळीस गुणिले एकशे दहा, चार हजार चारशे. तिसरं गवंड्याच्या हाताखाली जाणाऱ्याचं. हजेरी आठवड्याने मिळते, रोजची उधारी एकशे वीस, सात अधिक तीन दिवस, मर्यादा बाराशे.

दादाला हे पटेना. म्हणाला, ‘अगं, गवंडीकामवाला दर रविवारी न चुकता देतो. त्याला बाराशे आणि पगारदाराला चौपट? गरिबावर अविश्वास दाखवल्यासारखं होतंय.’ त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण बाराशेच्या आत त्या घराचं भागतं, कारण पैसा लवकर येतो. आणि बाराशेची बाकी ते घर एका हजेरीत नाही तरी दोन हजेऱ्यांत फेडू शकतं. त्याला चार हजारांची मर्यादा दिली आणि ती भरली, तर ती फिटायला तीन महिने लागतील. मग तो लाजेने दुसऱ्या गल्लीतून जायला लागेल. मर्यादा गिऱ्हाइकालाही बाहेर पडता येईल एवढीच असावी.

उसाच्या घरांचं गणित वेगळं ठेवावं लागलं. ऊस गेल्यावर चौदा दिवसांत पैसे देण्याचा नियम १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. प्रत्यक्षात बिल कधी आणि किती हप्त्यांत येतं ते शेतकऱ्यांना विचारा. उसाच्या बिलावर रोजचा किराणा टाकला तर वर्षाची बाकी साचते. म्हणून अशा घरांची दोन खाती केली. रोजचं खातं दुधाच्या किंवा मजुरीच्या पैशावर. आणि दिवाळीचा बाजार, तेलाचा डबा, लग्नकार्याचा माल यांचं वेगळं हंगामी खातं, ज्याला उसाचं बिल आल्याशिवाय आठवण जात नाही.

मर्यादा भरली की अ‍ॅप नोंद अडवत नाही. नोंद लाल होते आणि कारण लिहायला जागा येते. दादा माल देतो आणि लिहितो : ‘दवाखाना’, ‘पावसाने काम बंद’, ‘जूनमध्ये शाळेचा खर्च’. दर आठवड्याला ही लाल यादी वाचतो. एकाच घरात तीन आठवडे लाल आलं तर मर्यादा वाढवायची नाही, त्या घरात जाऊन बसायचं आणि हप्ता ठरवायचा. उलट निम्म्या गल्लीत एकदम लाल आलं, तर दोष घरांचा नाही. पावसाळ्यात बांधकाम थांबलेलं असतं, किंवा कुठल्या तरी संस्थेचं दुधाचं बिल लांबलेलं असतं. पहिल्या जुलैत तसंच झालं. तेव्हा दादाने हजेरीवाल्या सगळ्या घरांचे उशिराचे दिवस तीनाचे दहा केले आणि दसऱ्याला परत खाली आणले. यंत्रावर सोडलं असतं तर त्या महिन्यात गल्लीतल्या सगळ्यात गरजू घरांना दुकान बंद झालं असतं.

आठवणीचं थोडक्यात सांगते. ती ठरावीक वाराला जात नाही, त्या घरात पैसा येण्याच्या दुसऱ्या दिवशी जाते. खिशात पैसे नसताना आलेला मेसेज नुसता टोचतो, पैसे असताना आलेला उपयोगी पडतो. शब्द साधे : ‘वहिनी, दुकानाचे १,२६० आहेत. सवडीने द्या.’ ‘थकबाकी’, ‘अंतिम सूचना’ असले शब्द नाहीत. एकच आठवण, तीही दादाच्या नेहमीच्या नंबरावरून. दुसऱ्यांदा सांगायचं असेल तर दादा स्वतः बोलतो, तेही दुकानात चारचौघांत नाही. घरात मयत, आजारपण असेल तर आठवण बंद करायचं बटण आहे.

वर्षभराने, पुढच्या दिवाळीत, हिशेब काढला. येणं एक लाख एकोणचाळीस हजारांवरून चौऱ्याऐंशी हजारांवर आलं. रोजची उधारी दोन हजार आठशे, म्हणजे पैसा परत यायला तीस दिवस. आधी जिवंत खात्यांपुरते ते शेहेचाळीस होते. आणि चालू खाती? अठ्ठावन्नपैकी पंचावन्न. दोन घरं भाडं बदलून गेली, एक माणूस मर्यादेवरून रागावून गेला. पंचावन्न हजार मोकळे झाले त्यातून वहिनीच्या पाटल्या सुटल्या, उरलेल्यात तेल आणि साखर रोखीने घेता येऊ लागली.

अप्पानेही पुढे आपोआपची साप्ताहिक आठवण बंद केली आणि हीच पद्धत धरली. गेलेल्या सतरा घरांपैकी सहा परत आली. शिलाईकाम करणाऱ्या त्या बाई नाही आल्या.

जे सुटलं नाही तेही सांगते. तेरा मेलेल्या खात्यांतले एक्केचाळीस हजार तसेच आहेत, कुठलंही अ‍ॅप ते आणून देणार नाही. दादा आजारी पडला तेव्हा आठ दिवस वहिनीने नोंदी केल्या आणि त्यातल्या काही सुटल्या, कारण गर्दीत फोन हातात घेणं वहीत खरडण्यापेक्षा अवघड जातं. दर रविवारी पुतणी सगळ्या खात्यांची यादी कागदावर काढून घराच्या वरच्या मजल्यावर ठेवते. सांगलीच्या पुराने शिकवलेली सावधगिरी, कारण फोनही पाण्यात पडू शकतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं राहतं ते हे. प्रत्येक घराच्या मर्यादेचा आकडा, लाल यादी, ‘दवाखाना’, ‘काम बंद’ ही कारणं म्हणजे आमच्या गल्लीच्या गरिबीचा नकाशा आहे. आमच्याकडे तो दादाच्या फोनमध्ये आणि वरच्या मजल्यावरच्या कागदात आहे. तयार मोफत अ‍ॅप वापरलं तर तो कंपनीकडेही जातो. अप्पाला मी विचारलं, तुझ्या अ‍ॅपच्या अटी वाचल्यास का? नाही वाचल्या. त्यात गिऱ्हाइकांचे नंबर घातले तेव्हा त्यांना विचारलंस का? नाही विचारलं. उद्या कुणी हे आकडे विकत घेऊन ठरवलं की अमक्या घराला गॅसची शेगडी हप्त्यावर द्यायची नाही, तर त्या घराला कधी कळणारसुद्धा नाही की हे किराण्याच्या वहीतून आलं.

तुमच्या दुकानदाराने नंबर मागितला तर जरूर द्या, अ‍ॅप वाईट नाही. फक्त तीन गोष्टी विचारा. माझ्या खात्याची प्रत मला प्रत्येक नोंदीला मिळणार का? मेसेज कुणाच्या फोनवर जाणार? आणि हे आकडे दुकानाबाहेर आणखी कुणाला दिसतात? तुम्ही दुकानदार असाल तर आज रात्री गल्ला मिटवताना एकूण येण्याला रोजच्या उधारीने भागून बघा, किती दिवस येतात ते. आणि पंधरा दिवसांत कुठली घरं गप्प झाली, तेही मोजा.